एकच औषध, दोन हिशेब: फॉर्म्युलरीच्या निर्णयपत्रात कॉस्ट-इफेक्टिव्हनेस आणि बजेट इम्पॅक्ट

फॉर्म्युलरी म्हणजे रुग्णालयाने वापरायला मंजूर केलेल्या औषधांची यादी. ती ठरवणाऱ्या समितीसमोर मी मांडलेल्या सुरुवातीच्या निर्णयपत्रांपैकी एकात शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य होतं: "या औषधाच्या खर्चाचा पाव भाग टळलेल्या पुनर्दाखल्यांतून भरून निघतो." वाक्य खरं होतं. आकडे एका चांगल्या कॉस्ट-इफेक्टिव्हनेस अभ्यासातून घेतले होते आणि बेरीज-वजाबाकीही बरोबर होती. लेखा विभागाच्या प्रमुख बाईंनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "हा पाव भाग माझ्या कुठल्या खात्यातून कमी होणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. औषध दोन महिने लांबणीवर पडलं, आणि ते माझ्यामुळेच.

मी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवलं होतं. कॉस्ट-इफेक्टिव्हनेस विचारते: या औषधावर एक जादा एकक पैसा घातला तर आरोग्यात किती फायदा पदरात पडतो, आणि तो सौदा करण्याजोगा आहे का? बजेट इम्पॅक्ट विचारतं: आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांना हे औषध द्यायचं ठरवलं तर पुढच्या एक-दोन-तीन वर्षांत आपल्या तिजोरीतून नक्की किती पैसा बाहेर जाईल? पहिला प्रश्न मोलाचा आहे, दुसरा पेलण्याचा. सौदा उत्तम असूनही खिसा रिकामा असू शकतो. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हेपटायटिस सीचं सोफॉसब्युव्हिर हे त्याचं गाजलेलं उदाहरण. बारा आठवड्यांच्या उपचाराची जाहीर किंमत ८४,००० डॉलर होती. आजार बरा होत असल्यामुळे अनेक विश्लेषणांत हा खर्च समर्थनीय ठरला, पण रुग्णसंख्या एवढी मोठी होती की पैसे देणाऱ्यांना रुग्णांना रांगेत उभं करून औषध द्यावं लागलं.

रुग्णालयाच्या पातळीवर हे दोन हिशेब कसे करायचे आणि एका निर्णयपत्रात शेजारी शेजारी कसे मांडायचे, ते आता एकाच उदाहरणातून पाहू. उदाहरण आहे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांचं: तोंडावाटे व्हँकोमायसिन चालू आहे, आणि फिडॅक्सोमायसिन फॉर्म्युलरीत घ्यायचं का, एवढाच प्रश्न. किंमती मी "एकक" या काल्पनिक चलनात धरतो. रुग्णालयही कल्पनेतलंच आहे. औषधाच्या परिणामाचे आकडे मात्र खऱ्या चाचणीतले आहेत.

पायरी १: तुलना कशाशी, हे आधी पक्कं करा

निर्णयपत्राच्या पहिल्या परिच्छेदात तीन गोष्टी लिहा: कोणते रुग्ण, नवं औषध कोणत्या डोसने, आणि आज त्या रुग्णांना प्रत्यक्षात काय मिळतं. इथे: मोठ्या माणसांमधला पहिला झटका, फिडॅक्सोमायसिन २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवस, आणि व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून चारदा, दहा दिवस.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त चुकते. या औषधाच्या बऱ्याच जुन्या आर्थिक मॉडेलांत तुलना मेट्रोनिडाझोलशी आहे. अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या पसंतीतून मेट्रोनिडाझोल मागे सारलं, आणि २०२१ च्या सुधारणेत फिडॅक्सोमायसिनला व्हँकोमायसिनच्या पुढे नेलं, अर्थात सशर्त शिफारस म्हणून. तुमच्या वॉर्डात आज मेट्रोनिडाझोल दिलंच जात नसेल, तर त्याच्याशी तुलना करणाऱ्या मॉडेलचा निष्कर्ष कितीही देखणा असो, तुमच्या कामाचा नाही. औषध भांडारातून मागच्या वर्षाच्या वाटपाची नोंद काढा आणि प्रत्यक्षात काय चाललंय ते बघा. वॉर्डप्रमुख जे सांगतात आणि भांडारातून जे जातं, त्यात फरक निघतो.

पायरी २: परिणामाचा आकडा भाजकासकट उचला

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बरं होण्याचं प्रमाण फिडॅक्सोमायसिनचं ८८.२ टक्के आणि व्हँकोमायसिनचं ८५.८ टक्के होतं. म्हणजे जवळपास सारखंच. फरक पडला तो आजार उलटण्यात: १५.४ टक्के विरुद्ध २५.३ टक्के. बहुतेक निर्णयपत्रांत हा ९.९ टक्क्यांचा फरक जसाच्या तसा उतरतो, आणि तिथेच पहिली ठेच लागते.

हे टक्के बरे झालेल्या रुग्णांपैकी आहेत, उपचार सुरू केलेल्यांपैकी नाहीत. जो मुळात बरा झालाच नाही, त्याचा आजार उलटणार कसा? फिडॅक्सोमायसिनच्या २८७ रुग्णांपैकी २५३ बरे झाले आणि त्यातल्या ३९ जणांचा आजार उलटला. व्हँकोमायसिनच्या ३०९ पैकी २६५ बरे झाले, त्यातल्या ६७ जणांचा उलटला. आपण मात्र औषधाचे पैसे सुरू केलेल्या प्रत्येक रुग्णामागे मोजणार आहोत. म्हणून फायदाही त्याच भाजकावर आणायला हवा: ३९ भागिले २८७ म्हणजे १३.६ टक्के, आणि ६७ भागिले ३०९ म्हणजे २१.७ टक्के. खरा फरक ८.१ टक्क्यांचा. दर शंभर रुग्णांमागे दहा नव्हे, आठ झटके टळतात. किरकोळ वाटेल, पण पुढच्या पायरीत या चुकीमुळे औषध पाव हिश्श्याने स्वस्त दिसतं.

आणखी दोन मर्यादा इथेच लिहून टाका, शेवटच्या पानावर ढकलू नका. एक, चाचणीत आजार उलटणं उपचार संपल्यानंतर चार आठवड्यांपर्यंतच मोजलं होतं. दोन, ०२७ या आक्रमक प्रकारच्या जंतूंमध्ये हा फायदा दिसला नाही. तुमच्याकडे तो प्रकार बराच आढळत असेल तर ८.१ हा आकडा तुमचा नाही, प्रयोगशाळेला विचारा.

पायरी ३: कॉस्ट-इफेक्टिव्हनेस, शंभर रुग्णांवर

रुग्णालयाच्या समितीसाठी स्वतःचं भलंमोठं मॉडेल उभारायची गरज सहसा नसते. शंभर रुग्णांची साधी गोष्ट सांगितली की सदस्य कागदावर बोट ठेवून पडताळू शकतात, आणि जे पडताळता येतं त्यावर विश्वास बसतो.

व्हँकोमायसिनचा कोर्स २० एककांना, फिडॅक्सोमायसिनचा २०० ला, असं धरू. शंभर रुग्णांमागे जादा खर्च १८,०००. टळलेले झटके ८.१. आता एका झटक्याचा खर्च. इथे कोणाच्या नजरेतून बघतोय ते एका वाक्यात लिहायचं: "संपूर्ण आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने, रुग्ण कुठेही गेला तरी." समजा उलटलेल्या झटक्यांपैकी निम्म्यांना दाखल व्हावं लागतं, आणि दहा दिवसांच्या मुक्कामाचा पूर्ण खर्च १,००० एकक आहे. उरलेले निम्मे बाह्यरुग्ण म्हणून १०० एककांत निभावतात. सरासरी ५५०. टळलेला खर्च ८.१ गुणिले ५५०, म्हणजे सुमारे ४,४५०. निव्वळ जादा खर्च १३,५५० च्या आसपास. त्याला ८.१ ने भागलं की एक झटका टाळण्याची किंमत निघते: साधारण १,६७० एकक. (९.९ घेतला असता तर हीच किंमत १,२७० दिसली असती.)

आता १,६७० महाग की स्वस्त? या आकड्याकडे नुसतं बघून ते कळत नाही, म्हणून क्वाली, म्हणजे आयुष्याची गुणवत्ता धरून मोजलेलं वर्ष, हे माप वापरतात. झटक्याच्या पाच आठवड्यांत आयुष्याची गुणवत्ता १ पैकी ०.३ ने घसरते असं गृहीत धरलं तर एका झटक्यामागे सुमारे ०.०३ क्वाली वाचतो, आणि एका क्वालीचा जादा खर्च जवळपास ५५,७०० एकक येतो. तुमच्या देशात जी मर्यादा मानतात तिच्याशी हा आकडा ताडून बघायचा.

छापील मॉडेलांत हा आकडा बऱ्याचदा याहून खूप चांगला दिसतो. का, ते शोधा. बहुतेक वेळा मॉडेलने टळलेल्या झटक्यांबरोबर टळलेले मृत्यूही मोजलेले असतात. एक मृत्यू टळला की क्वालीचा ढीग लागतो. चाचणीत मात्र दोन औषधांमध्ये मृत्यूंचा स्पष्ट फरक दिसला नव्हता. म्हणजे ते मृत्यू दुसऱ्या कुठल्यातरी निरीक्षणात्मक अभ्यासातून आणलेले असतात. हे चूकच आहे असं नाही, पण समितीला सांगायला हवं. मी निर्णयपत्रात दोन्ही आकडे देतो: मृत्यू न धरता आणि धरून.

पायरी ४: हाच हिशेब जास्त जोखमीच्या रुग्णांवर

कॉस्ट-इफेक्टिव्हनेसचा खरा उपयोग मला इथे होतो. "घ्यायचं की नाही" यापेक्षा "कोणासाठी घ्यायचं" हे ती फार छान सांगते.

पासष्टीच्या पुढचे, ज्यांची दुसरी अँटिबायोटिक थांबवता येत नाहीत, ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, अशा रुग्णांत आजार उलटण्याचं मूळ प्रमाणच जास्त असतं. समजा आपल्या नोंदींत ते ३५ टक्के निघालं. औषधाचा सापेक्ष परिणाम चाचणीतला घ्यायचा: १३.६ भागिले २१.७, म्हणजे ०.६३. पस्तीसचे बावीस होतात, तेरा झटके टळतात. जादा खर्च तोच १८,०००. टळलेला खर्च १३ गुणिले ५५०, म्हणजे ७,१५०. निव्वळ १०,८५०, आणि एका झटक्यामागे ८३५. किंमत निम्म्यावर आली, औषध तेच आणि दरही तोच. क्वालीत सांगायचं तर सुमारे २७,८००.

यातूनच वाटाघाटीचा आकडाही निघतो. सगळ्याच रुग्णांना देऊन एका झटक्यामागे ८३५ च पडावेत असं हवं असेल, तर कोर्स २०० ऐवजी साधारण १३२ एककांना मिळायला हवा. कंपनीच्या प्रतिनिधीसमोर "जरा कमी करा" म्हणण्यापेक्षा हा आकडा ठेवला की बोलणं मुद्द्यावर येतं.

पायरी ५: बजेट इम्पॅक्टसाठी कोरा कागद घ्या

आधीच्या तक्त्यात नवा रकाना जोडून बजेट इम्पॅक्ट काढायचा मोह आवरा. नियम बदलतात. आरोग्य-अर्थशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना इस्पोरने यासाठी २००७ मध्ये तत्त्वं मांडली आणि २०१४ मध्ये सुधारली. त्यांचा गाभा असा: नजर पैसे देणाऱ्याची, कालावधी साधारण एक ते पाच वर्षं, आणि पुढच्या वर्षांच्या रकमांवर सूट-दर लावायचा नाही. कॉस्ट-इफेक्टिव्हनेसमध्ये दूरचे फायदे-तोटे आजच्या मोलावर आणतात, पण लेखा विभाग तिसऱ्या वर्षाचं बिल तिसऱ्या वर्षीच्या पैशातच भरणार आहे. रुग्णांचा गटही बंद नसतो. दर वर्षी नवे येतात, जुने जातात.

आधी रुग्ण मोजा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळा हिशेब त्यावरच उभा असतो. प्रयोगशाळेकडून "पॉझिटिव्ह अहवाल" मागितले तर आकडा फुगतो, कारण एकाच रुग्णाचे तीन अहवाल असतात, आणि नुसत्या पीसीआरवर पॉझिटिव्ह आलेल्यांत जंतू बाळगणारे पण आजारी नसलेलेही असतात. व्हँकोमायसिनच्या तोंडावाटेच्या वाटपाशी अहवाल जुळवा, एकाच रुग्णाचे आठ आठवड्यांच्या आतले दुसरे अहवाल "उलटलेला झटका" म्हणून वेगळे काढा. मग जे उरेल ते पहिले झटके. आपल्या उदाहरणात वर्षाला १२० पहिले झटके, त्यातले ४० जास्त जोखमीचे. उलटलेले २६, म्हणजे २१.७ टक्के, चाचणीशी जुळणारे. इतकं सरळ जुळेलच असं नाही.

मग, किती जण खरोखर नव्या औषधावर जातील? मंजुरी मिळाली म्हणून सोमवारपासून सगळे डॉक्टर ते लिहायला लागत नाहीत. पहिल्या वर्षी ४० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८० असं धरू. म्हणजे ४८, ८४ आणि ९६ रुग्ण.

पायरी ६: टळलेला खर्च आणि हातात येणारा पैसा

लेखा प्रमुखांच्या प्रश्नाचं उत्तर या पायरीत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आधी आपण एका टळलेल्या झटक्यामागे ५५० एकक वाचवले. त्यातले आपल्या रुग्णालयाचे किती? निम्मे रुग्ण दाखल होतात, पण ते सगळे आपल्याकडेच येत नाहीत. समजा पाचांतले चार येतात. म्हणजे उलटलेल्या झटक्यांपैकी ४० टक्केच आपल्या खाटेवर. बाह्यरुग्ण म्हणून निभावणाऱ्यांचा खर्च रुग्ण किंवा दुसरी यंत्रणा सोसते.

आणि त्या खाटेवरचे १,००० एकक? त्यात इमारत, वीज, नर्सांचे पगार, व्यवस्थापन, सगळं वाटून घातलेलं आहे. एक रुग्ण कमी आला म्हणून कोणाचा पगार कमी होत नाही. खरोखर कमी होतात ती औषधं, सलाइन, तपासण्या, हातमोजे-गाऊन, कपडे धुणं, जेवण. उदाहरणात ते २५० धरू. तर एका टळलेल्या झटक्यामागे आपल्या तिजोरीत राहतात ०.४ गुणिले २५०, म्हणजे १०० एकक. आधीच्या हिशेबात ५५०, इथे १००. दोन्ही आकडे बरोबर आहेत. दोन वेगळ्या खिशांचे आहेत, इतकंच.

| | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ |
|---|---|---|---|
| नव्या औषधावरचे रुग्ण | ४८ | ८४ | ९६ |
| औषधाचा जादा खर्च | ८,६४० | १५,१२० | १७,२८० |
| टळलेले झटके | ३.९ | ६.८ | ७.८ |
| हातात राहणारा पैसा | ३९० | ६८० | ७८० |
| निव्वळ परिणाम | ८,२५० | १४,४४० | १६,५०० |

कॉस्ट-इफेक्टिव्हनेसमध्ये औषधाच्या जादा खर्चाचा पाव भाग भरून निघत होता. इथे जेमतेम साडेचार टक्के. माझ्या त्या ठळक वाक्यातला "पाव भाग" असा विरघळला.

उरलेला फायदा नाहीसा झालेला नाही, तो पैशात उतरत नाही एवढंच. म्हणून त्याला पैशाचा मुखवटा न चढवता त्याच्याच मापात लिहा: तिसऱ्या वर्षी सुमारे ३१ खाट-दिवस मोकळे होतील. त्या खाटांवर दुसरे रुग्ण येतील, विलगीकरणाच्या खोल्यांवरचा ताण कमी होईल. समितीतल्या डॉक्टरांना हे चटकन पटतं, आणि लेखा विभागालाही, कारण कोणी त्यांना नसलेली बचत दाखवत नाही.

एक अवघड मुद्दाही आहे. जिथे रुग्णालयाला दाखल दिवसांप्रमाणे पैसे मिळतात, तिथे टळलेला पुनर्दाखला म्हणजे बुडालेलं उत्पन्न. हे निर्णयपत्रात लिहायचं की नाही यावर मी वाद ऐकले आहेत. माझं मत, एका ओळीत लिहावं. न लिहिल्याने ते कोणाच्या डोक्यातून जात नाही.

पायरी ७: डब्यातल्या गोळ्या मोजा

फिडॅक्सोमायसिनच्या एका कोर्सला वीस गोळ्या लागतात. रुग्ण मात्र दहा दिवस वॉर्डात राहतोच असं नाही. समजा औषध सुरू केल्यावर सरासरी सहा दिवसांनी तो घरी जातो: बारा गोळ्या रुग्णालयाच्या खर्चाने, उरलेल्या आठ कोणाच्या?

रुग्णालय बाराच देणार असेल तर जादा खर्च रुग्णामागे १८० ऐवजी १०८ वर येतो, आणि तिसऱ्या वर्षाचे १७,२८० खाली १०,३७० च्या घरात येतात. तक्ता एकदम गोजिरा दिसतो. पण त्या आठ गोळ्या बाहेर महाग आहेत म्हणून रुग्णाला घरी जाताना व्हँकोमायसिनवर वळवलं, तर टळलेल्या झटक्यांचा आकडाही गेला. चाचणीत दहा दिवस पूर्ण औषध दिलं होतं. फायदा पूर्ण कोर्सचा आणि खर्च अर्ध्यामुर्ध्याचा, असा हिशेब मी एकदा जवळजवळ पुढे पाठवला होता. डिस्चार्जच्या खिडकीवर बसणाऱ्या फार्मासिस्टने विचारलं, "घरी जाताना हे मी देणार आहे का?" आणि तक्ता परत लिहावा लागला. निर्णयपत्रात एक वाक्य हवंच: पूर्ण कोर्स कोण पुरवणार आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यावर पडणार. वरच्या तक्त्यात मी पूर्ण कोर्स रुग्णालयाच्या माथी धरला आहे.

पायरी ८: मर्यादित मंजुरीचा हिशेब, गळतीसकट

पायरी ४ ने सांगितलं की जास्त जोखमीच्या रुग्णांत सौदा चांगला आहे. आता ते बजेटमध्ये कसं दिसतं? ४० पैकी ३६ जणांना मिळालं, आणि मंजुरी नसलेल्या ८० पैकी ८ जणांना तरीही दिलं गेलं. हे आठ म्हणजे गळती. शून्य गळती धरणारं निर्णयपत्र मी गांभीर्याने घेत नाही.

औषधाचा जादा खर्च ४४ गुणिले १८०, म्हणजे ७,९२०. टळलेले झटके छत्तिसांमधले ४.७, आणि गळतीतल्या, उलटण्याचं मूळ प्रमाण १५ टक्केच असलेल्या, कमी जोखमीच्या आठांमधला जेमतेम अर्धा, मिळून ५.१. हातात राहणारे ५१०. निव्वळ ७,४१० एकक. सर्वांना खुल्या मंजुरीत तिसऱ्या वर्षी १६,५०० लागत होते आणि ७.८ झटके टळत होते. म्हणजे निम्म्याहून कमी पैशात जवळपास दोन-तृतीयांश फायदा.

आता गळती वाढवून बघा. ८० पैकी ३२ जणांना दिलं गेलं तर निव्वळ परिणाम ११,५९० वर जातो, आणि टळलेले झटके ५.१ चे फक्त साडेसहा होतात. रुग्णसंख्या पाव हिश्श्याने वाढली तर खर्चही पाव हिश्श्यानेच वाढतो, पण गळतीने तो अर्ध्याहून अधिक फुगतो. कॉस्ट-इफेक्टिव्हनेसमध्ये हजारो वेळा फासे टाकून अनिश्चिततेचा ढग काढायची पद्धत आहे. बजेट इम्पॅक्टसाठी असे तीन-चार सरळ "असं झालं तर" पुरतात, कारण लेखा विभागाला संभाव्यता नको असते, किती रक्कम बाजूला ठेवायची ते हवं असतं.

आणि वाटाघाटीतला तो १३२ चा दर मिळाला तर? खुल्या मंजुरीत तिसऱ्या वर्षाचा परिणाम सुमारे ९,९७० होतो. मोलाच्या दृष्टीने ही किंमत आता मर्यादित मंजुरीच्या तोडीची, पण पेलायला अजूनही जड. दोन विश्लेषणं वेगवेगळं उत्तर देतात ती इथे, आणि समितीने निवड करायची असते तीही इथेच.

पायरी ९: कागदावर उतरवताना

दोन्ही निष्कर्ष वेगळ्या मथळ्यांखाली लिहा आणि प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत नजर, कालावधी आणि रुग्ण सांगा. एका तक्त्यातली बचत दुसऱ्यात पुन्हा मोजली गेली नाही ना, हे तपासायला सहकाऱ्याला बसवा. स्वतःला ते दिसत नाही. कॉस्ट-इफेक्टिव्हनेसचा भाग छापील अभ्यासातून उचलला असेल तर आर्थिक अभ्यासात काय काय सांगायला हवं याची २०२२ ची चिअर्स यादी, २८ मुद्द्यांची, समोर ठेवून तो अभ्यास वाचा. निदान तुलनेचं औषध, नजर, कालावधी आणि पैसा कोणी पुरवला, हे चार तरी.

शिफारशीचा परिच्छेद मी साधारण असा लिहितो:

"पहिल्या झटक्याच्या जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी फिडॅक्सोमायसिन मर्यादित मंजुरीने घ्यावं. या गटात एक झटका टाळण्यासाठी आरोग्यव्यवस्थेला ८३५ एकक जादा लागतात. सर्व रुग्णांत १,६७०. रुग्णालयावरचा निव्वळ भार तिसऱ्या वर्षी ७,४१० एकक असेल, आणि तो औषध खात्यावर पडेल. गळती ३२ रुग्णांपर्यंत गेल्यास भार ११,५९०. सुमारे २० खाट-दिवस मोकळे होतील. त्यांचं पैशातलं मूल्य वरच्या रकमेत धरलेलं नाही. पूर्ण कोर्स डिस्चार्जच्या वेळी रुग्णालय पुरवेल. प्रत्येक मागणीवर संसर्गरोगतज्ज्ञ किंवा वॉर्ड फार्मासिस्टची सही लागेल."

त्याखाली आढावा. सहा महिन्यांनी तीनच गोष्टी मोजायच्या: किती कोर्स दिले, त्यातले किती मंजूर गटाबाहेरचे, आणि किती रुग्ण आठ आठवड्यांत पुन्हा आले. तिसऱ्या आकड्यावरून औषध चाललं की नाही हे ठरवू नका. सहा महिन्यांत जेमतेम अठरा-वीस रुग्ण असतील, आणि एखाद-दुसरा इकडचा तिकडे झाला की टक्केवारी उड्या मारते. निर्णय बदलायचा तर दुसऱ्या आकड्यावर बदला. मंजूर गटाबाहेरचे कोर्स अर्ध्या वर्षात आठाच्या वर गेले, तर सहीची अट नुसती कागदावर उरली आहे, आणि ७,४१० हा आकडाही तसाच.